सोयाबीन विकलं, पण सुटलं किती?

दरवर्षी खरिपाचे हमीभाव जाहीर झाले की दोन वाक्यं एकाच दिवशी कानावर पडतात. सरकार म्हणतं, उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव दिला. शेतकरी संघटना म्हणतात, खर्चसुद्धा निघत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी कुणीतरी नक्की खोटं बोलतंय. मलाही तसंच वाटायचं. २०२४ च्या दिवाळीआधी औसा तालुक्यातल्या आमच्या गावी चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या ओट्यावर बसून त्यांच्या पाच एकर सोयाबीनचा पै-पैचा हिशोब मांडला, तेव्हा उलगडा झाला. आकडे दोघांचेही खरे असू शकतात. 'खर्च' म्हणून काय काय धरायचं, तिथं दोघांची वाट वेगळी होते.

त्या संध्याकाळी अण्णा लातूरहून माल विकून आले होते. खिशात आडतीची पट्टी होती. मालाचं वजन, भाव आणि कपात लिहून आडत्या जो कागद देतो, ती पट्टी. बत्तीस क्विंटल, ४,१५० रुपये भाव, हमाली-तोलाई ८०० वजा, हाती १,३२,००० रुपये. अण्णा खुशीत होते. "साठ हजार घातले असतील. सत्तर हजार सुटले बघ," असं म्हणून त्यांनी पट्टी देवघरात ठेवली.

काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आणि उन्हाळ्यातल्या नांगरटीचे?"

## आठवणीतला खर्च आणि वहीतला खर्च

अण्णांनी साठ हजार कसे धरले ते मी विचारलं. विकत घेतलेल्या दोन पिशव्या बियाण्याचे ६,०००, डीएपीच्या पाच बॅगा आणि बीजप्रक्रियेचं औषध मिळून ७,५००, तणनाशक आणि कीटकनाशकाचे १२,०००, पेरणीच्या ट्रॅक्टरचे ४,५००, उक्त्या काढणीचे एकरी चार हजारांप्रमाणे २०,००० आणि मळणीचे ८,४००. बेरीज ५८,४००. अंदाज अगदी जवळचा होता. पण हा अंदाज फक्त त्यांना आठवलेल्या गोष्टींचा होता.

जे आठवलं नाही त्याला कारणं होती. नांगरट आणि रोटावेटरचे १६,००० रुपये मे महिन्यात हरभऱ्याच्या पैशातून दिले होते, म्हणून ते मनात सोयाबीनच्या खात्यावर पडलेच नाहीत. खुरपणीच्या बायकांची मजुरी काकूंनी आठवड्याच्या आठवड्याला आपल्याजवळच्या पैशातून दिली होती, वीस दिवसांचे ६,०००. लातूरला माल नेणाऱ्या टेम्पोचं भाडं ३,२०० पट्टीवर नव्हतंच, ते ड्रायव्हरच्या हातात गेलं. असे २५,२०० रुपये निघाले.

हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. काढणीच्या आसपासचा खर्च लख्ख आठवतो. हंगाम सुरू होण्याआधीचा, थोडाथोडा गेलेला आणि दुसऱ्याच्या हातून गेलेला खर्च निसटतो. त्यामुळं आठवणीवर केलेला हिशोब चुकला, तर बहुतेक वेळा नफ्याच्याच बाजूला चुकतो.

रोख खर्च ८३,६०० झाला. सत्तर हजारांचे ४८,४०० झाले.

## जे विकत घेतलं नाही, तेही फुकटात आलं नाही

पुढचा टप्पा घरच्या वस्तूंचा. अण्णांनी तीन एकर घरच्या बियाण्यावर पेरलं होतं, एकरी तीस किलोप्रमाणे नव्वद किलो. ते आदल्या वर्षी विकलं असतं तर चारेक हजार आले असते, म्हणून ४,००० रुपये खर्चात धरले. फवारणीचा बॅटरीपंप ३,६०० चा, तीन वर्षं चालतो, आणि खरीप-रब्बी दोन्हीत वापरतो. म्हणजे एका हंगामाच्या वाट्याला ६०० रुपयांची झीज येते. याला हिशोबात घसारा म्हणतात. पंप मोडेल त्या दिवशी ३,६०० रुपये अचानक जात नाहीत, ते प्रत्येक फवारणीला थोडे थोडे गेलेले असतात.

मग व्याज. अण्णा म्हणाले, "या साली कर्ज काढलं नाही, व्याज कशाचं?" पण हेच पैसे कुणाला व्याजानं दिले असते तर अण्णांनी शेकडा एक रुपया महिना नक्की घेतला असता. पैसा काही मेमध्ये गेला, काही ऑक्टोबरमध्ये, म्हणून सगळ्या रकमेवर पूर्ण हंगामाचं व्याज धरणं बरोबर नाही. सरसकट अर्ध्या काळाचं, म्हणजे अडीच महिन्यांचं धरतात. ते साधारण २,१०० रुपये होतं.

खर्चाची बाजू इतकी काटेकोर केल्यावर जमेची बाजूही तशीच करायला हवी, नाहीतर हिशोब रडका होतो. पुढच्या पेरणीसाठी दीड क्विंटल बी घरात ठेवलं होतं, त्याचे ६,२०० रुपये. मळणीनंतर उरलेली गुळी जनावरांना झाली, तेवढा चारा विकत घ्यावा लागला नाही, तिचे २,०००. एकूण जमा १,४०,२०० झाली आणि खर्च ९०,३००. हाती ४९,९००.

शेतीच्या अर्थशास्त्रात इथवरच्या खर्चाला 'ए-२' म्हणतात. खिशातून गेलेलं, घरातलं वापरलेलं, झीज आणि खेळत्या पैशाचं व्याज असं सगळं त्यात येतं. जमीन खंडानं घेतली असेल तर दिलेला खंडही येतो. अण्णांची जमीन स्वतःची असल्यानं ती रक्कम शून्य.

## घरच्या माणसाला मजुरी कोण देतं?

मी म्हटलं, "अण्णा, आता तुमचे आणि काकूंचे दिवस मोजू." ते हसले. "घरच्या कामाची कुठं मजुरी असती का?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो बिनबुडाचा नाही. पैसे कुणी कुणाला दिलेले नाहीत हे खरंच. पण असं बघा. पुढच्या वर्षी अण्णांचे गुडघे चालेनासे झाले आणि फवारणीला गडी लावावा लागला, तर त्याच रानात, त्याच पिकाचा खर्च वाढेल. म्हणजे तो खर्च आजही आहे, फक्त अण्णा तो अंगावर घेतात.

भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दूधवाल्याच्या खाड्यांबरोबर त्यावर बऱ्याच खुणा होत्या. पेरणी पाच दिवस. तीन फवारण्या, पाच एकराला प्रत्येकी तीन दिवस, म्हणजे नऊ. डुकरांच्या राखणीच्या रात्री. काढणीवर उभं राहणं, गंज घालून ताडपत्री टाकणं, मळणी, बाजार. जोडत जोडत अण्णांचे चाळीस दिवस भरले. काकूंचे पंधरा दिवस खुरपणीत, सहा काढणीत, बाकीचे वाळवण आणि चाळणीत, असे तीस. गावात त्या हंगामात गड्याला ४०० आणि बाईला ३०० रुपये रोज होता. १६,००० आणि ९,०००, मिळून २५,०००.

इथं एक मर्यादा सांगितली पाहिजे. ज्या दिवशी गावात कुठंच काम नसतं, त्या दिवसाला पूर्ण रोज धरणं जास्तीचं होईल. आम्ही म्हणूनच खुरपणी-काढणीच्या धामधुमीतले दिवस पूर्ण धरले आणि रोज सकाळी रानात मारलेला फेरा धरलाच नाही. मजुरांसाठी काकूंनी केलेला चहा आणि रानात वाहिलेलं पाणीही या तीस दिवसांत नाही.

घरची मजुरी धरून खर्च १,१५,३०० झाला, उरले २४,९००. या खर्चाला 'ए-२ अधिक एफएल' म्हणतात, एफएल म्हणजे कुटुंबाचे श्रम. गुळीचे पैसे वजा करून साडेतेहतीस क्विंटलवर वाटलं तर क्विंटलला सुमारे ३,३८० रुपये पडतात.

## दीडपट कशाच्या?

आता बातमीतला आकडा कळतो. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्यासाठी केंद्रानं धरलेला देशभराचा सरासरी खर्च ३,२६१ रुपये क्विंटल, आणि तो याच पद्धतीचा, ए-२ अधिक एफएल. त्याची दीडपट बरोबर ४,८९२ येते. हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग निरनिराळ्या राज्यांत शेतकऱ्यांच्या घरी ठेवलेल्या नोंदींवरून हा खर्च काढतो. अण्णांचा ३,३८० चा आकडा त्याच्या इतका जवळ आला, की सरकारी आकडा हवेतला आहे असं मला म्हणवत नाही.

पण दीडपट हा शब्द आधीपासून चर्चेत होता. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगानं २००६ मध्ये काम संपवलं. हमीभाव सरासरी उत्पादन खर्चाहून किमान पन्नास टक्के जास्त असावा, ही त्यांची शिफारस. २०१८ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं दीडपटीचं तत्त्व खरिपाला लावलं ते ए-२ अधिक एफएलवर. संघटनांचं म्हणणं आहे की खर्च 'सी-२' धरायला हवा. सगळा वाद या एका पायरीचा आहे.

## सी-२: स्वतःच्या रानाचं भाडं

सी-२ मध्ये आधीच्या खर्चावर दोन गोष्टी चढतात. एक, स्वतःच्या जमिनीचा खंड. दुसरी, अवजारं, विहीर यांत अडकलेल्या पैशाचं व्याज. अण्णांकडं ट्रॅक्टर नाही, विहीर नाही, म्हणून दुसरी बाब किरकोळ आणि आम्ही ती सोडून दिली. पहिली मात्र मोठी निघाली.

"बापजाद्यांचं रान, त्याचं भाडं मी कुणाला देऊ?" अण्णा जरा चिडलेच.

औश्यात बसस्टँडजवळ एखाद्याचा स्वतःचा गाळा आहे आणि त्यात तो किराणा दुकान चालवतो, असं समजा. महिन्याला त्याला पंधरा हजार सुटतात. शेजारचा तसाच गाळा दहा हजार भाड्यानं गेलाय. म्हणजे दुकान चालवून त्यानं पाचच हजार मिळवले. बाकीचे दहा हजार त्या जागेचे, ते गादीवर न बसताही आले असते. रानाचंही तसंच.

आमच्या भागात त्या वर्षी तशा कोरडवाहू रानाचा खंड वर्षाला एकरी १४,००० च्या आसपास होता. वर्षात सोयाबीन आणि हरभरा अशी दोन पिकं निघतात, म्हणून सोयाबीनच्या नावावर निम्मा धरला. एकरी ७,०००, पाच एकराचे ३५,०००. सी-२ खर्च १,५०,३०० झाला आणि जमा १,४०,२००. म्हणजे १०,१०० रुपयांचा तोटा. क्विंटलला खर्च पडला सुमारे ४,४३० रुपये. याची दीडपट करा, ६,६४० च्या घरात जाते. संघटनांचा आकडा हमीभावापेक्षा इतका वरचढ का असतो, ते इथं दिसतं.

## मग तोटा झाला, तर पैसे घरात कसे आले?

अण्णांचा पुढचा प्रश्न हाच होता. ४९,९०० रुपये तर त्यांच्यासमोर होते.

हे पैसे खरे आहेत, फक्त ते नफ्याचे नाहीत. समजा अण्णांनी जूनमध्ये रान खंडानं दिलं असतं आणि तेवढेच चाळीस आणि तीस दिवस दोघं दुसऱ्याच्या रानात कामाला गेले असते. खंडाचे खरिपापुरते ३५,००० आणि रोजाचे २५,०००, मिळून साठ हजार. खत, औषध, पाऊस, भाव, कशाचीच चिंता नाही. स्वतः पेरून मिळाले ४९,९००. फरक १०,१००, तोच आमच्या वहीतला तोटा. पेरणीची जोखीम घेतल्याबद्दल त्या हंगामानं त्यांना काही दिलं तर नाहीच, उलट त्यांच्या घामातून आणि रानातून दहा हजार कापून घेतले.

यावरून 'सोयाबीन सोडा' असा निष्कर्ष मी काढणार नाही. सगळ्यांनीच रानं खंडानं द्यायला काढली तर खंड कोसळेल. शिवाय तोटा आणि फायदा यांच्यात अंतर किती होतं, तेही आम्ही काढलं. जास्तीच्या एका क्विंटलमागं मळणी, भाडं, हमाली मिळून ३७० रुपये जातात आणि हातात ३,७८० पडतात. दहा हजारांचा खड्डा भरायला पावणेतीन क्विंटल लागले असते, म्हणजे एकरी अर्धा क्विंटल. शेंगा भरताना पावसानं पंधरवडा ओढ दिली, तर एवढं उत्पन्न सहज जातं.

## ओला माल विकून अण्णा फसले का?

गावात सगळे म्हणत होते, "थोडं वाळवून विकायचं होतं." आडतीवर मीटरनं ओलावा १६ टक्के दाखवला होता आणि त्या दिवशी १२ टक्के ओलाव्याच्या मालाला ४,४०० भाव होता. अडीचशे रुपयांचा फटका, असं सगळ्यांना वाटलं.

पण वाळवलं की वजनही घटतं. शंभर किलो मालात १६ किलो पाणी आणि ८४ किलो कोरडा दाणा असतो. ओलावा १२ टक्क्यांवर आणला की ते ८४ किलो म्हणजे मालाचे ८८ टक्के. चौऱ्याऐंशीला अठ्ठ्याऐंशीनं भागा, माल साडेपंच्याण्णव किलो उरतो. त्याचे ४,४०० च्या भावानं ४,२०० रुपये होतात. अण्णांना ४,१५० मिळाले. खरा फटका क्विंटलमागं पन्नास रुपयांचा, आणि वाळवायला काकूंचे चार दिवस गेले असते ते वेगळेच. हा हिशोब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. ओलाव्यासाठी व्यापारी भावात जितकी कपात सांगेल, ती वजनातल्या घटीशी ताडून बघायची. १६ टक्क्यांच्या मालाला दोनशेच्या आत कपात असेल तर बाजारासाठी वाळवण्यात अर्थ नाही.

हमीभावाची गोष्ट निराळी. वाळवलेला माल ४,८९२ नं गेला असता, तर घट सोसूनसुद्धा अण्णांच्या हाती साधारण १६,६०० जास्त पडले असते आणि सी-२ चा तोटा साडेसहा हजारांच्या नफ्यात गेला असता. मग तिथं का नाही घातला? खरेदी केंद्रावर आधी सातबारा, पीकपाहणीची नोंद आणि पासबुक देऊन ऑनलाइन नोंदणी करावी लागते, नंबर लागण्याची वाट बघावी लागते, आणि पैसे नंतर खात्यावर येतात. ओलाव्याची अट १२ टक्क्यांची होती. ती केंद्रानं १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण नोव्हेंबरच्या मध्यावर. अण्णांना हरभऱ्याच्या पेरणीसाठी ऑक्टोबरातच पैसे हवे होते. दीडपट भाव जाहीर होणं आणि तो पट्टीवर उतरणं यांच्यामध्ये हे एवढे दिवस असतात, आणि त्या दिवसांत घर कशावर चालवायचं याचं उत्तर हमीभावात नसतं. मला या सगळ्या हिशोबात सर्वांत जास्त खुपलं ते हे.

## पुढचं पान

रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी वही परत उघडली. डाव्या पानावर चारही आकडे एकाखाली एक लिहिले होते: सत्तर हजार, एकोणपन्नास हजार नऊशे, चोवीस हजार नऊशे, आणि तांबड्या पेनानं वजा दहा हजार शंभर. बराच वेळ ते शेवटच्या आकड्याकडं बघत राहिले. मग उजवं पान काढून वर 'हरभरा' लिहिलं आणि खाली नांगरटीचा रकाना आखला.

"आधी मला लिहा," काकू आतून म्हणाल्या. "काल दिवसभर बियाणं मीच निवडलंय."

अण्णांनी तारीख घातली आणि लिहिलं: काकू, एक दिवस, ३०० रुपये.